‘जाळून पाहा’ ही खाण्याच्या कापराची परीक्षा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत कापूर जाळून पाहा, राख राहिली नाही तर तो शुद्ध आणि खाण्याजोगा, असे छापले आहे. वाचून संताप झाला. टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार झालेला कापूरही राख न ठेवता जळतो. न जळणारी भेसळ असेल तर तेवढी कळेल, बाकी काही कळत नाही.

आमच्या सोलापुरात तेलुगू शेजाऱ्यांकडे चक्कर पोंगलीत, म्हणजे गोड खिचडीत, पच्चकर्पूरम म्हणजे खायचा कापूर घालतात, तिरुपतीच्या लाडवातही तो असतो. गेल्या श्रावणात माझ्या सुनेने किराणा दुकानात ‘खायचा कापूर’ म्हणून मागितला. दुकानदाराने पूजेच्या खोक्यातल्या सुट्या वड्या पुडीत बांधून दिल्या. ‘फक्त पूजेसाठी’ हे खोक्यावर छापलेले, पुडीवर कुठून येणार? आठ वाट्या खिरीत तिने एक वडी कुस्करून घातली. पहिल्याच घासाला जीभ भाजल्यासारखी झाली, खीर कडू. सगळी ओतून दिली.

आता हिशेब पाहा. वडी अर्ध्या ग्रॅमची धरली तर वाटीला साठेक मिलिग्रॅम कापूर झाला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८ साली दिवसाची मर्यादा सांगितली, ती वजनाच्या किलोमागे २ मिलिग्रॅम. आमची नात बारा किलोची, म्हणजे २४ मिलिग्रॅम. एका वाटीतच अडीचपट! शिवाय कापूर पाण्यात नीट विरघळत नाही, एखाद्या वाटीत खडाच जातो. म्हणून जाणत्या बायका तांदळाच्या दाण्याहून लहान कण साखरेबरोबर खलून किंवा कोमट तुपात विरघळवून घालतात.

खाण्याचा कापूर म्हणजे निराळा, निरुपद्रवी पदार्थ नव्हे. झाडाचा असो वा कारखान्याचा, मूळ द्रव्य एकच आणि विषारीपणही तेच. खाण्याचा म्हणून सीलबंद विकला जातो तो त्यासाठी शुद्ध केलेला असावा लागतो, पूजेच्या वडीला तशी अट नाही. त्यात टर्पेंटाइनचे अवशेष किंवा मेण असू शकते. ‘भीमसेनी’ नावावर जाऊ नका. मूळ भीमसेनी म्हणजे बोर्निओच्या झाडातले बोर्निओल हे कापरासारखे पण निराळे द्रव्य, पण आता त्या नावाने काहीही खडे विकले जातात.

लहान मुलांत एका ग्रॅमच्या आसपास कापूर पोटात जाऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. आकडीचे झटके काही मिनिटांत, कधी पूर्वसूचनेशिवाय येतात. मुलाने वडी खाल्ली तर उलटी करवू नये, त्याच वेळी झटका आला तर उलटी श्वासनळीत जाऊ शकते. वडीचे पाकीट घेऊन थेट रुग्णालय गाठावे. हे चार शब्द त्या लेखात नकोत का?

आणि पाककृतींच्या सदरात दर वेळी ‘चिमूटभर कापूर’ लिहिता, तेही थांबवा. कुणाची चिमूट केवढी? पुढच्या पुरवणीत, त्याच जागी आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक आजोबा, सोलापूर