ग्रॅच्युइटी म्हणजे फुल अँड फायनलचा एक रकाना नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला ‘नोकरी सोडताना’ हा सल्ल्याचा मजकूर वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार. पण ‘फुल अँड फायनलला पंचेचाळीस दिवस लागतातच, नो ड्यूज पूर्ण होईपर्यंत ग्रॅच्युइटीही थांबते, तोवर संयम ठेवावा’ हे वाक्य वाचून राहवलं नाही. एचआरवाले तोंडी जे सांगतात तेच तुम्ही छापलंत. आता तेच कात्रण उद्या कुणा कामगारापुढे पुरावा म्हणून धरलं जाईल.

नो ड्यूज, म्हणजे कंपनीचं काही येणं बाकी नाही हा दाखला, मिळाला नाही म्हणून ग्रॅच्युइटी अडवता येते, असं ग्रॅच्युइटी कायद्यात कुठेही नाही. 1972 च्या कायद्यापासूनच ही रक्कम देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते. कामगाराने अर्ज केला नसला तरी हिशेब करून त्याला कळवणं ही मालकाची जबाबदारी आहे. उशीर झाला तर वर्षाला दहा टक्के दराने सरळ व्याज लागतं. उशीर कामगाराच्या चुकीमुळे झाला असेल तर हे व्याज टळतं, पण त्यासाठी मालकाने ग्रॅच्युइटीचे वाद बघणाऱ्या सरकारी नियंत्रक अधिकाऱ्याकडून लेखी परवानगी घेतलेली असावी लागते. ‘तुमचाच फॉर्म अपुरा होता’ असं नंतर सांगून भागत नाही.

पगार आणि आस्थापनेचं काम मी अनेक वर्षं केलं आहे. त्यातलं एक प्रकरण कंपनीचं नाव न घेता मांडतो, कारण तुमच्या मजकुरातल्या जवळपास सगळ्या चुका त्यात एकत्र सापडतात. हा गृहस्थ स्टोअरकीपर होता. 1 सप्टेंबर 2015 ला लागला, राजीनामा देऊन 31 मार्च 2024 ला बाहेर पडला. नोकरी 8 वर्षं 7 महिने. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 31,200 रुपये. गोदामातल्या काही नोंदी जुळत नाहीत असं म्हणून त्याचं नो ड्यूज अडवलं आणि त्याच्यासोबत सगळंच अडवलं. विचारलं की ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढा एका ओळीचा ईमेल यायचा.

पुढे फुल अँड फायनलच्या हिशेबाचा कागद हातात आला. एका बाजूला येणं, दुसऱ्या बाजूला कपाती, खाली एकच निव्वळ आकडा. येण्याच्या बाजूला शेवटचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी 1,24,800. कपातीत नोटिशीचे कमी भरलेले दिवस. ही वसुली पगार आणि रजेच्या पैशांतून पुरी झाली नाही म्हणून उरलेले 18,400 ग्रॅच्युइटीतून गेले. सगळं एकाच बेरजेत ओतलं की कुठला पैसा कशातून कापला हे दिसत नाही. म्हणून असा कागद मिळाल्यावर आधी ग्रॅच्युइटीची ओळ वेगळी काढायची आणि ती स्वतः मोजायची.

मोजणी सोपी आहे. शेवटचं मासिक वेतन भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. भागाकार 26 ने, कारण महिन्यातले कामाचे दिवस 26 धरले जातात. सहा महिन्यांहून जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. म्हणजे 31,200 ला 26 ने भागून 1,200, पंधरा दिवसांचे 18,000, आणि 8 वर्षं 7 महिन्यांची 9 वर्षं. एकूण 1,62,000 रुपये. कंपनीने 30 ने भागलं होतं आणि वर्षं 8 धरली होती. दोन्ही चुका मिळून 37,200 रुपये कमी. संपादक महोदय, तुमच्या कालच्या चौकटीतल्या उदाहरणातही भागाकार 30 नेच केला आहे!

आता ते 18,400. नोटीस कमी दिली तर नेमणूकपत्रातल्या अटीप्रमाणे वसुलीचा दावा कंपनी करू शकते, त्याबद्दल वाद नाही. पण ग्रॅच्युइटीला हात लावायच्या वाटा कायद्याने मोजक्याच ठेवल्या आहेत. कामगाराच्या कृत्यामुळे किंवा हलगर्जीपणामुळे मालमत्तेचं नुकसान झालं आणि त्या कारणाने त्याला कामावरून काढलं, तर त्या नुकसानीपुरती रक्कम जप्त होऊ शकते. दंगाधोपा, हिंसा किंवा कामाच्या ओघात केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा, या कारणाने काढलं तर पूर्ण किंवा काही भाग. दोन्हीकडे ‘त्या कारणाने काढलं’ ही पहिली अट आहे. या माणसाने राजीनामा दिला होता, तो मंजूर झाला होता, चौकशी नाही, आरोपपत्र नाही. गोदामातल्या नोंदींचा विषय त्याच्या ग्रॅच्युइटीपर्यंत पोचतच नव्हता. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यातही जिच्यावर जप्ती येऊ नये असं कायदा म्हणतो, ती रक्कम एचआरने नोटिशीच्या वसुलीत वळती केली.

त्याने पुढे काय केलं तेही सांगतो, कारण तुमच्या मजकुरात ‘वकिलाचा सल्ला घ्या’ एवढ्यावर विषय संपतो. त्याने आधी नमुना ‘आय’ भरून ग्रॅच्युइटीचा रीतसर अर्ज केला आणि तो पोचपावतीच्या रजिस्टर्ड पोस्टाने कंपनीच्या पत्त्यावर पाठवला. ईमेलही केला, पण पोस्टाची पावती हातात ठेवली. या अर्जाची मुदत 30 दिवसांची, ती केव्हाच उलटली होती. तरी अर्ज उशिरा आला एवढ्याच कारणाने दावा बाद होत नाही, असं नियमांतच लिहिलं होतं. मालकाने अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम मान्य असेल तर नमुना ‘एल’ आणि नाकारायची असेल तर कारणासह नमुना ‘एम’ द्यायचा होता. कंपनीने दोन्ही दिलं नाही. मग त्याने नियंत्रक अधिकाऱ्याकडे नमुना ‘एन’ दाखल केला.

लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथे. कंपनीची शाखा एकाहून जास्त राज्यांत असेल तर 1972 च्या कायद्याप्रमाणे प्रकरण केंद्र सरकारच्या अखत्यारीत जातं, म्हणजे केंद्रीय सहायक कामगार आयुक्तांकडे. सगळा कारभार एकाच राज्यात असेल तर राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात हे काम बहुधा कामगार न्यायालयात चालतं. चुकीच्या दारात अर्ज टाकला की महिने जातात आणि शेवटी ‘आमच्या अधिकारक्षेत्रात नाही’ असा शेरा हातात पडतो. कंपनीच्या शाखा कुठे कुठे आहेत ते आधी तिच्या लेटरहेडवर आणि वेबसाइटवर बघावं.

नमुना ‘एन’ची मुदत 90 दिवसांची. उशिरासाठी सबळ कारण दिलं तर तो माफ होऊ शकतो. या प्रकरणात ‘प्रोसेसमध्ये आहे’ हेच ईमेल त्या कारणाचा पुरावा म्हणून जोडले. कंपनीने वाट बघायला सांगितली आणि हा थांबला, हे त्यांतून तारखांसकट दिसत होतं. म्हणून अशा वेळी फोनवर विचारू नये, लेखी विचारावं. सोबत जोडले नेमणूकपत्र, राजीनाम्याची मंजुरी, शेवटच्या तीन पगारपत्रकांच्या प्रती आणि वर दिलेली मोजणी अर्ध्या पानात.

सुनावणीची नोटीस पोचल्यावर, पहिल्या तारखेच्या आधीच, फेब्रुवारी 2025 अखेर कंपनीने 1,62,000 रुपये भरले आणि त्यावर अकरा महिन्यांचं व्याज, महिन्याला 1,350 प्रमाणे 14,850. गोदामातल्या नोंदींचं पुढे कुणी नावही काढलं नाही. कंपनीने भरले नसते तर अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली झाली असती. हेही तुमच्या वाचकांना माहीत हवं होतं.

अनुभवाच्या दाखल्याबद्दल तुम्ही ‘तो मिळणे हा कायदेशीर हक्क आहे’ असं सरसकट लिहिलंत. इतकं सोपं असतं तर बरं झालं असतं. कायम कामगाराला सेवा प्रमाणपत्र द्यावं अशी तरतूद सरकारने सेवाशर्तींसाठी घालून दिलेल्या आदर्श स्थायी आदेशांत आहे, पण ते आदेश प्रत्येक आस्थापनेला आणि प्रत्येक पदाला लागू होत नाहीत. बाकीच्यांचा आधार म्हणजे नेमणूकपत्र आणि कंपनीचं स्वतःचं धोरण. दाखला अडवतात तो बहुतेक वेळा ‘सगळं मिळालं, काही येणं नाही’ या कागदावर सही मिळावी म्हणून. सही करायचीच वेळ आली तर सहीच्या वर हाताने लिहावं, ‘ग्रॅच्युइटीच्या हिशेबाबाबतचा माझा हक्क राखून’, आणि त्या कागदाचा फोटो ठेवावा. नव्या नोकरीत राजीनाम्याच्या मंजुरीचा ईमेल, फॉर्म 16 आणि ‘पीएफ’च्या पोर्टलवरचा सेवा इतिहास दाखवून बरेच ठिकाणी काम भागतं. त्या इतिहासात नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नसेल, तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ‘मार्क एक्झिट’मध्ये जाऊन ती स्वतः भरता येते. आधारशी जोडलेला मोबाइल लागतो. तारीख जपून भरावी.

आणि ते पंचेचाळीस दिवस! 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिला असो की काढून टाकलेलं असो, शेवटचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. ग्रॅच्युइटीचे 30 दिवस 1972 च्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तसेच राहिले. वेतनाची व्याख्या मात्र बदलली. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मिळवायचा. एकूण 60,000 पगारात मूळ वेतन 20,000 आणि बाकी भत्ते असतील, तर ग्रॅच्युइटी 20,000 वर नव्हे, 30,000 वर मोजायची. संहिता लागू झाल्यानंतर नोकरी सोडणाऱ्यांनी हिशेबाचा कागद याच नजरेने तपासावा. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना आता पाच वर्षांची अट नाही, एक वर्ष पुरतं. कालच्या मजकुरात यातलं काही नव्हतं.

जाता जाता आणखी एक. तुमच्या अंकातली चूकदुरुस्ती आतल्या पानावर, जाहिरातींच्या खाली, इतक्या बारीक टाइपात येते की चष्मा लावूनही सापडत नाही. 30 ने भागलेलं उदाहरण पहिल्या पानाच्या चौकटीत छापलंत. त्याची दुरुस्तीही त्याच चौकटीत, 26 हा आकडा ठळक टाकून छापावी, ही विनंती.

आपला,
पगार विभागातून निवृत्त झालेला एक वाचक