करिअर सेंटर आणि तो एक अवघड प्रश्न

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की पहिले सत्र स्थिरावण्यात जाऊ दे, नोकरीचे पुढच्या वर्षी पाहू. तेव्हा मी काही बोलले नाही, पण तुझ्या विद्यापीठाच्या करिअर सेंटरची माहिती वाचल्यावर हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. अमेरिकेतील बऱ्याच मोठ्या कंपन्या पुढच्या उन्हाळ्यातील इंटर्नशिपसाठीची निवड आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुरू करतात आणि विद्यापीठांतील मोठे करिअर फेअरही बहुधा त्याच सुमारास भरतात. तू ऑगस्टमध्ये पोहोचलास. म्हणजे तू स्थिरावेपर्यंत तो मेळावा होऊन गेलेला असेल. पुढच्या वर्षी तो पुन्हा भरेल खरा, पण तेव्हा तुझा एकमेव उन्हाळा मागे पडलेला असेल, कारण तुझा अभ्यासक्रम दोनच वर्षांचा आहे.

म्हणून या आठवड्यातच हँडशेक या नोकऱ्यांच्या व भेटींच्या संकेतस्थळावर करिअर सेंटरच्या सल्लागाराची वेळ घे. अशी भेट साधारण अर्ध्या तासाची असते आणि मेळाव्याच्या आधीच्या आठवड्यात जागा उरत नाहीत. काही ठिकाणी रेझ्युमे तपासण्याचे काम प्रशिक्षण दिलेले वरिष्ठ विद्यार्थी करतात. भाषेच्या आणि मांडणीच्या चुकांसाठी ते पुरेसे आहेत. मजकुरासाठी मात्र तुझ्या विभागाशी जोडलेल्या सल्लागाराकडेच जा. रिकाम्या हाताने जाऊ नकोस. ज्या पदासाठी अर्ज करायचा आहे, त्याची जाहिरात छापून सोबत ने. सल्लागाराला तुझ्या विषयातील बारकावे माहीत असतीलच असे नाही, पण जाहिरात आणि रेझ्युमे शेजारी शेजारी ठेवल्यावर कोठे काय कमी आहे, हे त्याला लगेच दिसते.

तू मला पाठवलेला रेझ्युमे तीन पानांचा आहे आणि त्यावर छायाचित्र, जन्मतारीख व वडिलांचे नावही आहे. हे सगळे तेथे काढून टाकावे लागेल. नव्या पदवीधराचा रेझ्युमे एका पानाचा असावा, अशी तेथील अपेक्षा असते आणि वैयक्तिक तपशील भेदभावविरोधी कायद्यांमुळे कंपन्यांना नकोच असतात. गुण स्वतःच्या हिशेबाने चारच्या मापात बदलू नकोस, '१० पैकी ८.४' असे जसेच्या तसे लिही. पण खरी अडचण वेगळीच आहे. तुझ्या प्रकल्पाखाली 'मागणीचा अंदाज वर्तवणाऱ्या प्रणालीवर काम केले' एवढेच लिहिले आहे. मी इतकी वर्षे उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या आहेत. अशा ओळीवरून मला काहीही कळले नसते. त्याऐवजी कोणती माहिती, किती महिन्यांची, तू स्वतः कोणती पद्धत वापरलीस आणि आधीच्या पद्धतीपेक्षा चूक किती कमी झाली, हे एका वाक्यात यायला हवे. आकडा तुझ्या वहीत असेल, तो शोध. नसेल तर तयार करू नकोस.

आता मुख्य गोष्ट. जवळजवळ प्रत्येक अर्जात दोन प्रश्न असतात: तुम्हाला येथे काम करण्याची कायदेशीर परवानगी आहे का, आणि आता किंवा पुढे कधी तुम्हाला कामाच्या व्हिसासाठी कंपनीच्या प्रायोजकत्वाची गरज लागेल का. माझ्या परिचयातील एका मुलीने दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर दिले होते, कारण तिला ओपीटी, म्हणजे पदवीनंतर ठरावीक काळ काम करण्याची परवानगी, पुरेशी वाटत होती. तीन फेऱ्या झाल्या, निवड झाली, आणि कागदपत्रांच्या वेळी प्रश्नातील 'पुढे कधी' हे शब्द समोर आले. कंपनीने प्रस्ताव मागे घेतला. पदवीनंतर तेथेच काम करत राहण्याचा तुझा विचार आहे, त्यामुळे तुझे प्रामाणिक उत्तर 'होय' हेच आहे, आणि ते उत्तर समजावून सांगता येणे ही तुझ्या सरावाच्या मुलाखतीची पहिली गरज आहे.

सराव घेणाऱ्याला आधीच सांग की हा प्रश्न मला मुद्दाम विचारा. तुझे उत्तर साधारण असे व्हावे: 'उन्हाळ्यातील इंटर्नशिपसाठीची परवानगी, म्हणजे सीपीटी, मला विद्यापीठामार्फत मिळू शकते; त्यासाठी कंपनीला सरकारकडे अर्ज करावा लागत नाही. पदवीनंतर मला १२ महिन्यांची ओपीटी मिळू शकते, आणि माझी पदवी स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या, विषयांत येत असल्यामुळे ती आणखी २४ महिने वाढवता येते. त्यानंतर प्रायोजकत्व लागेल.' चार वाक्यांत हे संपले पाहिजे. त्या २४ महिन्यांसाठी कंपनी ई-व्हेरिफाय या कामाची परवानगी तपासण्याच्या सरकारी व्यवस्थेत नोंदलेली असावी लागते आणि तिला प्रशिक्षणाचा आराखडाही भरून द्यावा लागतो, हे तू स्वतः जाणून ठेव आणि विचारले तर लपवू नकोस.

येथे एक मर्यादा ध्यानात घे. करिअर सेंटरचा सल्लागार उत्तर कसे मांडावे हे शिकवतो. व्हिसाचे नियम सांगणे हे त्याचे काम नाही. ते आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील अधिकाऱ्याला विचारायचे, ज्याला तेथे डीएसओ म्हणतात. सीपीटीसाठी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष व्हावे लागते. तू ऑगस्टमध्ये सुरुवात केलीस म्हणजे मे अखेर ते पुरे होते, पण तुझ्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप कशी बसवायची, हे आताच विचारून घे. परवानगी ठरावीक कंपनीपुरती आणि ठरावीक तारखांपुरती असते; विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या कागदावर ती नोंद होण्यापूर्वी एक दिवसही कामाला बसायचे नाही. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली, तर त्या पदवीच्या पातळीची ओपीटी गमवावी लागते. एका उन्हाळ्याने तसे होत नाही.

सरावाची मुलाखत शक्य असेल तर ध्वनिचित्रमुद्रित करून घे आणि एकदा एकटा बसून पाहा. माझ्यासमोर आलेली कितीतरी हुशार मुले 'आम्ही केले, आम्ही ठरवले' असे बोलत आणि त्यांचा स्वतःचा वाटा कोणता, हे शेवटपर्यंत कळत नसे. तूही तसेच बोलतोस. आपल्याकडे ती नम्रता असेल, पण मुलाखत घेणाऱ्याला तू काय केलेस, एवढेच तोलायचे असते.

मेळाव्याच्या दिवशी रांगेत उभे राहण्यापूर्वी येणाऱ्या कंपन्यांची यादी पाहून ठेव. संरक्षण क्षेत्रातील अनेक पदांना नागरिकत्व लागते. तेथे तुझी अर्धी दुपार जाऊ नये. हँडशेकवर पदांची यादी काम करण्याच्या परवानगीनुसार गाळता येते, पण ती नोंद कंपनीने भरलेली असते, म्हणून ती अंतिम समजू नकोस. आपली ओळख आणि एक काम सांगून झाल्यावर शांतपणे विचार: 'या पदासाठी ओपीटीवरील विद्यार्थ्यांचा विचार होतो का?' हा पहिलाच प्रश्न करू नकोस आणि निवड होईपर्यंत दडवूही नकोस. उत्तर 'नाही' आले, तर आभार मानून पुढच्या टेबलाकडे जा. त्या माणसाने तो नियम केलेला नसतो. 'वेबसाइटवर अर्ज करा' असे सांगितले, तर तो नकार नव्हे. नाव विचारून घे, त्याच रात्री अर्ज कर आणि दोन ओळींचा निरोप पाठव.

माझे स्वतःचे मत विचारशील तर मोठ्या मेळाव्यापेक्षा एकेका कंपनीची लहान माहितीसभा तुला अधिक उपयोगी पडेल, कारण तेथे तुझ्याच कामातला अभियंता समोर असतो आणि मागे रांग नसते. सल्लागाराची पहिली भेट कोणत्या दिवशी मिळाली, ते कळव. त्याआधी सुधारलेले एक पान मला पाठव, म्हणजे रविवारी बसून वाचीन.

तुझी आई