एल्मर परत आलाय

प्रिय सुमे,

सहा महिने पत्र नाही, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आईचा गुडघा ठीक, माझं बीपी गोळीवर. झालं. आता खरं कारण: एल्मर परत आलाय.

हो, तोच. ज्याच्यापायी कॉलेजच्या लुटुपुटूच्या कोर्टात, मूटमध्ये, मी त्याच्या बाजूनं लिहिणारे न्यायमूर्ती ग्रे झाले, तू त्याच्याविरुद्ध निकाल देणारे अर्ल झालीस, मी जिंकले आणि तू आठवडाभर माझ्या स्टोव्हला हात लावला नाहीस. (स्टोव्ह माझा होता, रॉकेल तुझं. हे मी तेव्हाही कबूल केलं नव्हतं.)

मंगळवारी रात्रीच्या वर्गात तोच खटला शिकवत होते. न्यूयॉर्क राज्यातला म्हातारा फ्रान्सिस पामर, 1880 चं मृत्युपत्र, दोन मुलींना किरकोळ रक्कम आणि शेतीसकट बाकी सगळं नातवाला, म्हणजे एल्मरला. 1882 मध्ये म्हाताऱ्यानं पुन्हा लग्न केलं, मृत्युपत्र बदलेल अशी धास्ती पोराला पडली आणि सोळाव्या वर्षी त्यानं आजोबाला विष घातलं. कायद्यात सही, साक्षीदार, मृत्युपत्र रद्द कसं करायचं, सगळं होतं. वारसच खुनी निघाला तर काय, याबद्दल अक्षर नाही. मुली कोर्टात गेल्या आणि 1889 मध्ये पाच विरुद्ध दोन मतांनी एल्मर हरला. मी नेहमीचं सांगून मोकळी झाले: नाहीतर उद्या घरोघरी नातवंडं विष कालवायला लागतील.

मागच्या बाकावर एक मुलगी बसते, दिवसा एका वकिलाकडे टायपिंग करते. ती उठली. "मॅडम, समजा असा धाक बसणारच नसता, तर त्या मुली हरल्या असत्या का? आणि निकालाच्या आदल्या दिवशी ती शेती कुणाची होती?"

सुमे, खडू हातात तसाच राहिला. तू गच्चीवर घसा फोडून हेच सांगत होतीस. समाजाला काय परवडेल हे विधिमंडळानं बघावं. कोर्टापुढे उभ्या असलेल्या बाईचा हक्क आहे की नाही, एवढंच कोर्टानं बघायचं. कायद्याचा तत्त्वज्ञ ड्वॉर्किन, त्याचा सगळा सिद्धान्त त्या पोरीच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. नियम संपला आणि पुढे न्यायाधीशाची मर्जी असं मानलं, तर आदल्या दिवसापर्यंत शेती एल्मरची होती आणि कोर्टानं नवा नियम काढून ती मागाहून हिसकावली. ग्रेंचं म्हणणं हेच: खुनाची शिक्षा झाली आहे, ही वरची शिक्षा कुठल्या कायद्यातून आणता? पण मुलींचा हक्क आधीपासून होता असं म्हटलं, तर कोर्टानं तो फक्त ओळखला.

तेव्हा मी तुला गप्प कसं केलं, आठवतं? "आपल्याच गैरकृत्याचा फायदा कुणी घेऊ नये हे तुझं तत्त्व असेल, तर बारा वर्षं दुसऱ्याची जमीन दाबून बसणाऱ्याला ती का मिळते?" टाळ्या पडल्या. आता कळतं, मी तत्त्वाला नियमासारखं हाणत होते. नियम एकतर लागू होतो किंवा होत नाही. तत्त्वाला वजन असतं. एका खटल्यात ते कमी पडलं म्हणून मरत नाही.

पण माझी झोप उडाली ती इथे. वजन करायचं कुणी? प्रत्येक न्यायाधीश घरून आपला तराजू घेऊन आला तर? म्हणून काल अर्लचा निकाल पुन्हा काढला. त्यांनी ते तत्त्व मनातून काढलेलं नाही. त्या निकालाच्या तीनच वर्षं आधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की ज्याचा विमा त्याचाच खून करणाऱ्याला विम्याचे पैसे मिळणार नाहीत. अर्ल त्यावर बोट ठेवतात. म्हणजे तत्त्व आधीच कायद्याच्या पोटात होतं, वेगवेगळ्या निकालांत विखुरलेलं. ते सगळे निकाल ज्यात बसतील असं कारण शोधायचं, आपल्याला आवडेल असं नव्हे. मात्र दोन तत्त्वं सारखीच बसली तर? तिथे ड्वॉर्किन हर्क्युलिस नावाचा अचाट न्यायाधीश उभा करतो. तुझ्या कोर्टात स्टेनोसुद्धा धड नाही.

आपल्याकडेही हेच झालं, आणि हे मी मूटमध्ये मुद्दाम दडवलं होतं. मुंबई इलाख्यातल्या केंचवाच्या खटल्यात 1924 ला प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील कोर्टानं, न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेकाच्या आधारावर खुन्याला वारसा नाकारला, त्याला वारसक्रमात जणू नव्हताच असं धरायचं म्हटलं. खुन्याला वारसा नाकारणारं हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 25 आलं 1956 मध्ये. मधली बत्तीस वर्षं कलमाशिवाय भागलं. हे मला तेव्हाच ठाऊक होतं, बाई!

तुझी बदली झाल्याचं कळलं, सामान पोचलं का? लेकीच्या दहावीचं काय?

आणि एक खरं सांग, कुणाला बोलणार नाही. दोन्ही वकिलांचे कागद संपतात, कलम सापडत नाही, आणि रात्री तू निकाल लिहायला बसतेस, तेव्हा शोधतेस की ठरवतेस? त्या मुलीला मंगळवारी उत्तर द्यायचंय. त्याच्या आत लिही.

तुझी,
वैजू

ता. क. रॉकेलचे पैसे देणे आहे.