तक्रारीला आवक क्रमांक का नाही?

शाळांतील तक्रारपेट्या धूळ खात असल्याची बातमी वाचली. त्या निमित्ताने जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना हे जाहीर निवेदन.

माझा मुलगा सातवीत आहे. तो बोलताना अडखळतो, म्हणून वर्गातली काही मुले त्याची नक्कल करतात, डबा सांडतात. एकदा जिन्यावर ढकलल्याने त्याचे मनगट मुरगळले. मी मुख्याध्यापकांना तीन लेखी अर्ज दिले. पहिले दोन कार्यालयाने ठेवून घेतले, पण माझ्या प्रतीवर ना शिक्का, ना आवक क्रमांक. ‘मुलांचे चालायचेच’ एवढेच तोंडी उत्तर मिळाले. तिसरा अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला. तो पोहोचल्याची नोंद आहे, उत्तर नाही. मुलाच्या पोटात आता रविवारी रात्रीपासूनच दुखू लागते.

पेटी उघडली तरी तक्रारीची नोंदच झाली नाही, तर शाळेने काय केले हे तपासणार कसे? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार बालहक्काविषयीच्या लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तिथे जाताना पालकाच्या हाती शाळेची पोच तरी हवी. म्हणून शाळा तपासणीत पेटीबरोबर आवक नोंदवहीही पाहावी आणि प्रत्येक अर्जावर काय कारवाई झाली, हे सात दिवसांत पालकाला लेखी कळवण्याची सक्ती करावी. माझ्या तीन अर्जांपासून सुरुवात करावी, ही विनंती.

– एक पालक