नमस्कारानंतरची शांतता

चि. अमेय यास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सांगितलेस, की कंपनीच्या बसथांब्यावर तुझ्या विभागातल्या वरिष्ठ बाई भेटल्या, नमस्कार झाला, "कसं चाललंय?" "ठीक" एवढे बोलणे झाले आणि मग बस येईपर्यंत दोघेही रस्त्याकडे पाहत उभे राहिलात. हा तुझ्या बुजरेपणाचा दोष आहे, असे मला वाटत नाही. "कसं चाललंय?" ला "ठीक" म्हटले की तो व्यवहार तिथेच पुरा होतो आणि पुढे बोलण्याची पाळी कोणाचीच उरत नाही.

त्यातून ती शांतता असते त्याहून मोठी भासते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषांमधली बोलणी तपासली, तेव्हा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्साच जातो, असे आढळले. इतक्या वेगाची सवय असलेल्या कानाला तीन सेकंदही फार वाटतात आणि माणूस घाबरून "घरी कोण कोण असतं?" असे काहीतरी विचारून बसतो. वरिष्ठांना पहिल्याच भेटीत घरचे विचारू नये. ती चौकशी त्यांनी तुझी केली तर शोभते.

त्याऐवजी दोघांच्याही डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीवर बोलावे. "आज बस उशीरा दिसते," एवढेच म्हटलेस तर त्या "हो" म्हणतील आणि पुन्हा तेच होईल. म्हणून त्याला आपली एक बारीकशी माहिती जोडावी आणि त्यांना नक्की ठाऊक असेल असे काही विचारावे: "मी या मार्गावर नवीन आहे; पावसात बस नेहमीच उशीरा येते का?" त्या म्हणतील, "पुलाखाली पाणी साचलं की येते. मग मी रिक्षाच करते." आता नवा विषय शोधत बसू नकोस, त्यांच्याच वाक्यातला एक शब्द उचल. पूल किंवा रिक्षा, दोन्ही चालतील. मी रिक्षा घेतली असती, कारण तिच्या भाड्याबद्दल प्रत्येकाचे काही ना काही म्हणणे असतेच!

दोनदा एका शब्दात उत्तर आले आणि नजर मोबाइलकडे वळली, तर मात्र थांबावे. सकाळी सातला काहींना बोलणे नकोच असते, हे मी तुझ्या आईकडे पाहून सांगतो. अशा वेळी गप्प उभे राहण्यात कमीपणा नाही.

बस आली की "बरं, भेटू" म्हणून आपल्या जागेवर जा. शेजारी बसून ते बोलणे ताणू नकोस. दुसऱ्या दिवशी नमस्कारानंतर "कसं चाललंय?" च्या जागी "काल पुलाखाली पाणी होतं का?" असे विचार.

तुझे,
बाबा