वर्कशीटचा फोटो टाईप करणाऱ्यांसाठी सूचना (चौथी, गणित)

पालकांनो, पावसात ट्रेन बंद म्हणून ज्यांची मुलं शाळेत आली नाहीत त्यांच्यासाठी अपूर्णांकाचं वर्कशीट रविवारी रात्री ९ पर्यंत टाईप करून ग्रुपवर टाकायचंय, पण त्याआधी हे वाचाच.

मागच्या वेळी समासात बाईंनी पेनाने लिहिलेलं ३/५ हे आठवं गणित म्हणून टाईप झालं. ते पाचपैकी तीन मार्क होते! मुलं बिचारी त्याचं उत्तर शोधत बसली. तसंच २५ च्या मध्ये शाईचा ठिपका पडला होता, त्याचं २.५ झालं.

असं होतं कारण आपण स्कॅन अ‍ॅपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावतो, मग बाईंचं लाल पेन आणि छापील शाई दोन्ही काळीच दिसतात. म्हणून फोटो रंगीतच पाठवा, फिल्टर नको. कागद पातळ असेल तर मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात, खाली काळा कागद ठेवला की ती बरीच कमी होतात.

टाईप करणाऱ्यांनी एवढं बघा:
- छापील नंबर असेल तरच प्रश्न. तिरकं, समासात लिहिलेलं सोडून द्या.
- प्रश्नांपुढच्या मार्कांची बेरीज करा, वर छापलेल्या २० शी जुळलीच पाहिजे. जास्त आली तर काहीतरी भलतंच घुसलंय, कमी आली तर एखादा प्रश्न राहिलाय.
- ठिपका शाईचा की दशांशचिन्ह हे कळत नसेल तर अंदाज नको, ज्यांच्याकडे मूळ कागद आहे त्यांना ग्रुपवरच विचारा.