बाई, मधली दोन वर्तुळं

आदरणीय बाई,

समोर भेटल्यावर तुम्ही आभार मानूच देत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. माझ्यासारख्या आणखी कुणा आईच्या उपयोगी पडलं तर बरंच.

गेल्या जूनमध्ये तुम्ही नववीच्या वर्गशिक्षिका झालात आणि पहिल्याच भेटीत मला एकात एक चार वर्तुळं काढायला सांगितलीत. सगळ्यांत आत ज्यांच्यावाचून करमत नाही ती माणसं, मग मित्र, मग खेळातले-सोसायटीतले ओळखीचे आणि सगळ्यांत बाहेर ज्यांना आपण पैसे देतो ती माणसं. लेकाची वर्तुळं मी भरली. आत मी, हे आणि आजी. बाहेर फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, रिक्षावाले काका आणि वर्गात शेजारी बसणाऱ्या मदतनीस ताई. मधली दोन वर्तुळं कोरी राहिली. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, तो वॉकरने चालतो, बोलणं जड येतं. एकटेपणाही त्यातच आला, असं मी धरूनच चालले होते.

तुम्ही आधी ताईंची खुर्ची हलवलीत. मुलांना त्याला काही विचारायचं असलं तरी ती ताईंनाच विचारत, हे तुम्ही दोन दिवस पाहिलं होतंत. ताई मागच्या भिंतीजवळ बसू लागल्या. बाथरूमला नेणं आणि लांब उत्तरं लिहिणं एवढ्यापुरत्याच पुढे येत. तेव्हा मला राग आला होता, बाई. आज तो आठवला की वाईट वाटतं.

कॅनडात 1980 च्या दशकात मार्शा फॉरेस्ट आणि जॅक पिअरपॉइंट यांनी रुजवलेली ही मित्रवर्तुळाची पद्धत तुम्ही वर्गात आणलीत, पण आधी त्याची परवानगी घेतलीत. तो लायब्ररीत बसला, तेव्हा सगळ्या वर्गाने स्वतःची वर्तुळं काढली. मग तुम्ही विचारलंत, तुमची मधली दोन कोरी असती तर शाळेत यावंसं वाटलं असतं का? बऱ्याच मुलांनी हात वर केले. त्यांतली सहा तुम्ही निवडलीत, आणि नुसती गुणी मुलं घेतली नाहीत. एक तर रोज ओरडा खाणारा होता; पण क्रिकेटवेडा, माझ्या लेकासारखाच.

दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत ही सात जणं तुमच्यासोबत बसायची. पहिला महिना फसला, हे तुम्हीच मला सांगितलंत. मुलं दप्तर उचलत, डबा उघडून देत, लहान मुलाशी बोलावं तसं बोलत. त्याच्यावर कुणी चिडत नव्हतं, त्याच्याकडे कुणी काही मागत नव्हतं. ही मैत्री नव्हे, सेवा चालली आहे, असं तुम्ही म्हणालात आणि वर्गाच्या मॅचचं स्कोअरिंग त्याच्याकडे सोपवलंत. आता ओव्हरमध्ये किती चेंडू उरले, हे त्यालाच विचारावं लागे. बोलण्याबद्दल एकच नियम केलात: त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, थांबायचं, आणि कळलं नाही तर कळल्याचं सोंग न करता "परत सांग" म्हणायचं. खोटं हसून मान हलवणं त्याला सगळ्यांत जास्त लागायचं, हे मला आई असून माहीत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी तुम्ही मला बजावलंत, की शाळेतली मैत्री गेटपाशीच थांबते, दोन तारखा आत्ताच ठरवा. इतर घरांना भीती होती, पडला तर काय? मी अर्धं पान लिहून दिलं: पायऱ्यांवर कोणत्या बाजूला उभं राहायचं, कोरडा चिवडा द्यायचा नाही कारण ठसका लागतो, बाथरूमसाठी बाबांना फोन करायचा. त्या कागदाने भीती बरीच उतरली. मग मुलं वनाजहून मेट्रोने संभाजी उद्यानाला गेली, लिफ्टने वर, लिफ्टने खाली. त्याचे बाबा पुढच्या डब्यात होते. मी घरी होते, तुम्ही सांगितलंत म्हणून. त्याआधी त्याचा फोन नंबर वर्गाच्या ग्रुपवर नव्हताच, माझा होता. तोही त्या आठवड्यात बदलला.

सहातली दोघं उरली आहेत. एक मुलगी मध्येच बाहेर पडली तेव्हा मला लागलं होतं. तुम्ही म्हणालात, तिला जाता आलं पाहिजे, नाहीतर राहिलेल्यांच्या राहण्याला काय अर्थ?

गेल्या शनिवारी त्या क्रिकेटवेड्याशी एका वाइडवरून कडाक्याचं भांडण झालं. दोन दिवस अबोला. त्याच्या आईला फोन करायला मी तीनदा मोबाइल उचलला आणि तीनदा ठेवला. मंगळवारी संध्याकाळी खालून हाक आली, "काकू, त्याला खाली पाठवा, आणि वही आणायला सांगा."

आपली,
नववीतल्या स्कोअररची आई